एका ओळीतल्या सहा खुणा: नकाशाच्या सूचीची दोन रकान्यांत मांडणी

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणावरील जुन्या स्थलनिर्देशक नकाशाच्या खालच्या समासात चिन्हे आणि खुणांची सूची छापलेली असते. डावीकडे इंग्रजी शब्दांची ओळ आणि त्याच ओळीत उजवीकडे चित्रे, अशी तिची मांडणी असते. जागा कमी आणि खुणा पुष्कळ, म्हणून एका ओळीत एकच खूण ठेवणे छापणाऱ्यांना परवडणारे नव्हते. विहिरींची ओळ हे याचे चांगले उदाहरण आहे. मराठीत ती अशी वाचता येईल: ‘विहिरी: बांधीव; कच्ची. कूपनलिका. झरा. तलाव: बारमाही; कोरडा.’ या शब्दांसमोर सहा छोटी चित्रे एका रांगेत उभी असतात.

अशा सूचीचा फोटो काढून तिच्यावरून दोन रकान्यांची स्वच्छ यादी करायची असते, म्हणजे डावीकडे खूण आणि उजवीकडे तिचा अर्थ, तेव्हा खरी अडचण अक्षरे लागण्याची नसते. अक्षरे बहुधा लागतात. कोणता शब्द कोणत्या चित्राचा, ही जोडी जुळवणे अवघड असते. विहिरींच्या ओळीतले शब्द एकामागून एक तोडून लिहिले तर आठ तुकडे हाती येतात: विहिरी, बांधीव, कच्ची, कूपनलिका, झरा, तलाव, बारमाही, कोरडा. चित्रे मात्र सहाच. पहिल्या चित्रासमोर ‘विहिरी’, दुसऱ्यासमोर ‘बांधीव’, तिसऱ्यासमोर ‘कच्ची’ असे लिहीत गेले की पुढची प्रत्येक जोडी चुकते आणि कूपनलिकेचे चित्र कच्ची विहीर होऊन बसते. यादी दिसायला नीटनेटकी, पण तिच्या भरवशावर नकाशा वाचणारा पाण्याच्या शोधात भलतीकडे जाईल.

विरामचिन्हे काय सांगतात

या सूचीतल्या ओळींना स्वतःचे व्याकरण आहे आणि ते विरामचिन्हांत आहे. अपूर्णविराम, म्हणजे दोन टिंबे, ज्या शब्दानंतर येतात तो शब्द खुणेचे नाव नसून कुटुंबाचे नाव असतो. त्याच्यासमोर स्वतःचे चित्र नसते. अर्धविराम त्या कुटुंबातले प्रकार एकमेकांपासून वेगळे करतो. पूर्णविराम आला की ते कुटुंब संपते आणि नवी वस्तू सुरू होते. विहिरींच्या ओळीत ‘विहिरी’ आणि ‘तलाव’ ही दोन कुटुंबनावे आहेत. आठ तुकड्यांतून ती दोन वजा केली की सहा उरतात आणि चित्रेही सहाच आहेत.

त्यामुळे प्रत्येक ओळ उतरवताना पहिले काम मोजणीचे. आधी चित्रे मोजायची, मग कुटुंबनावे सोडून शब्द मोजायचे. दोन्ही आकडे जुळले तरच ओळ फोडायची. फोडताना कुटुंबनाव प्रत्येक प्रकाराला पुन्हा जोडावे लागते, कारण यादीतली प्रत्येक ओळ एकटी वाचली जाणार असते. ‘कोरडा’ एवढेच लिहिले तर काय कोरडे, ते कळत नाही. म्हणून ‘कोरडा तलाव’ लिहायचे. या टप्प्यावर तयार होणारी कच्ची यादी अशी दिसते:

| चित्राचे ओळीतील स्थान (डावीकडून) | अर्थ |
|---|---|
| पहिले | बांधीव विहीर |
| दुसरे | कच्ची (न बांधलेली) विहीर |
| तिसरे | कूपनलिका |
| चौथे | झरा |
| पाचवे | बारमाही तलाव |
| सहावे | कोरडा तलाव |

सगळ्याच ओळी अशा गुंत्याच्या नसतात. प्रार्थनास्थळांची ओळ सरळ आहे: देऊळ, छत्री, चर्च, मशीद, ईदगाह, थडगे, कबरी. प्रत्येक शब्दानंतर पूर्णविराम आहे, कुटुंबनाव एकही नाही. सात शब्द आणि सात चित्रे. काही ओळींत मात्र गणित उलट्या बाजूने चुकते. पक्क्या रस्त्यांच्या ओळीत ‘महत्त्वानुसार’ असा शब्दप्रयोग येतो. याचा अर्थ रस्ता जितका महत्त्वाचा तितकी त्याची रेघ ठळक. येथे एका शब्दप्रयोगाच्या वाट्याला एकाहून अधिक जाडीच्या रेघा येऊ शकतात. त्याच ओळीत पुढे अंतर दाखवणारा दगड, म्हणजे आपण ज्याला मैलाचा दगड म्हणतो तो, वेगळी खूण म्हणून येतो. खालच्या कच्च्या रस्त्यांच्या ओळीत ‘महत्त्वानुसार’ पुन्हा न छापता `do.` एवढेच छापलेले असते. हे ‘डिट्टो’चे आखूड रूप, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. वरची ओळ समोर असेल तरच त्याला अर्थ असतो. दोन रकान्यांच्या यादीत ओळींची जागा बदलू शकते, म्हणून तेथे `do.` तसेच ठेवून चालत नाही. वरच्या ओळीत पाहून पूर्ण शब्द लिहायचा.

तिसरा प्रकार ‘सह’चा. वाटांच्या ओळीत ‘गाडीवाट’, ‘खिंडीसह ओझ्याच्या जनावरांची वाट’ आणि ‘पुलासह पायवाट’ असे तीन तुकडे आहेत. चित्रेही तीन दिसतात, म्हणून मोजणी जुळते आणि काम संपले असे वाटते. पण दुसऱ्या चित्रात दोन खुणा एकत्र काढलेल्या आहेत: एक वाटेची रेघ आणि तिच्यावर खिंडीची खूण. नकाशात पायवाट पुलाशिवायही जाते आणि तेथे नुसती ठिपक्यांची रेघ दिसते. ‘ठिपक्यांची रेघ म्हणजे पुलासह पायवाट’ अशी नोंद करणाऱ्याला मग वाटेवर जागोजागी पूल असल्याचा भास होईल. म्हणून ‘सह’ आला की चित्राचे दोन भाग करून दोन नोंदी कराव्या लागतात, पायवाट एक आणि तिच्यावरचा पूल दुसरी. ‘स्थानकासह एकेरी लोहमार्ग’ ही नोंदही याच नियमाने फुटते.

फोटो कसा असावा

हे सारे बारकावे फोटोत दिसले पाहिजेत. येथे बहुतेक चुका कॅमेऱ्याच्या दर्जामुळे होत नाहीत, अंतरामुळे होतात. १:५०,००० च्या पत्रकावर अक्षांश आणि रेखांश दोन्ही बाजूंनी १५ मिनिटांचा प्रदेश असतो. पुण्याच्या अक्षांशावर हा प्रदेश पूर्व-पश्चिम सुमारे २६ किलोमीटर आणि दक्षिण-उत्तर सुमारे २८ किलोमीटर भरतो. कागदावर तो साधारण ५३ आणि ५५ सेंटिमीटर होतो आणि समास धरून कागद आणखी मोठा असतो. ७० सेंटिमीटरचा कागद ४,००० बिंदूंच्या फोटोत बसवला तर प्रत्येक मिलिमीटरला सहापेक्षा कमी बिंदू मिळतात. विहिरीची खूण जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरची असते. सहा-आठ बिंदूंत वर्तुळ कसे आहे, आत भरलेले की पोकळ, हे ठरवता येत नाही. तोच कॅमेरा जवळ नेऊन २० सेंटिमीटर रुंदीचा सूचीचा भाग पूर्ण चौकटीत घेतला तर मिलिमीटरला २० बिंदू मिळतात आणि रेघेतली टिंबे मोजता येतात.

यासाठी तीन प्रकारचे फोटो पुरतात. पहिला संपूर्ण पत्रकाचा. त्यात वरचा समास आला पाहिजे, कारण पत्रकाचा क्रमांक, आवृत्ती आणि सर्वेक्षणाचे वर्ष समासात असते. दुसरा पूर्ण सूचीचा, जेणेकरून कोणती ओळ कोणाच्या खाली होती ते नंतर तपासता येईल. तिसऱ्या प्रकारात सूचीचे तुकड्यातुकड्याने जवळून घेतलेले फोटो येतात. लगतच्या दोन तुकड्यांत निदान एक ओळ सामाईक असावी, म्हणजे जोडताना ओळ गळत नाही. कागद सपाट आणि कॅमेरा त्याला समांतर हवा. तिरप्या फोटोत उजवीकडची चित्रे डावीकडच्या शब्दांपेक्षा वर किंवा खाली सरकलेली दिसतात. ओळी एकमेकींना इतक्या चिकटून छापलेल्या असतात की एवढ्या सरकण्यानेही शब्द शेजारच्या ओळीच्या चित्रांना जोडले जातात. घडीवर ही अडचण आणखी वाढते. नकाशा वर्षानुवर्षे घडी घालून ठेवलेला असतो आणि घडीच्या रेषेत शाई झिजलेली असते. तेथे प्रकाश एका बाजूने न टाकता दोन्ही बाजूंनी सारखा टाकावा, नाही तर घडीची सावलीच रेघेसारखी दिसते.

रंगाचा प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे. या नकाशांत रंग अर्थाचा भाग असतो. बारमाही पाणी निळे, कोरडे प्रवाह काळे, समोच्च रेषा तपकिरी, रस्ते आणि वाटा लाल, झाडी हिरवी आणि लागवडीखालील जमीन पिवळी असते. कृष्णधवल फोटोत किंवा झेरॉक्समध्ये निळी आणि काळी रेघ एकसारखी राखाडी होते. मग कोरडा ओढा आणि वाहता ओढा यांतला फरक कायमचा जातो. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या रंगीत फोटोतही धोका असतो, कारण लागवडीचा फिका पिवळा रंग आणि कागदाचा पांढरा रंग जवळ येतात. जुन्या कागदावर लाल रंग विटून तपकिरीकडे झुकतो आणि पायवाट समोच्च रेषेशी मिसळते. फोटोतला रंग विश्वासार्ह आहे की नाही, हे पाहण्याची साधी रीत आहे. कोऱ्या समासाचा कागद फोटोत पांढरा दिसतो का आणि डोंगराळ भागातली एखादी समोच्च रेषा तपकिरी दिसते का, ते आधी पाहायचे. ही दोन्ही ओळखीची ठिकाणे खरी दिसली तर बाकीच्या रंगांवर विसंबता येते. न दिसली तर दिवसाच्या उजेडात फोटो पुन्हा काढणे हाच उपाय आहे.

डाव्या रकान्यात काय ठेवायचे

छापील सूचीत शब्द आधी आणि चित्र नंतर असते. तयार यादीत हा क्रम उलटा ठेवतात. यादी उघडणारा माणूस नकाशावरून खूण घेऊन येतो आणि तिचा अर्थ शोधतो. त्याच्या हातात आधी चित्र असते. म्हणून खूण डावीकडे.

खुणेच्या जागी फोटोतून कापलेले चित्र ठेवणे सर्वांत चांगले. पण कापलेली चित्रे प्रत्येक चौकटीत बसावीत म्हणून वेगवेगळ्या मापाने मोठी-लहान केली की नवी चूक निर्माण होते. ‘महत्त्वानुसार’ रस्त्यांचा अर्थच रेघेच्या जाडीत आहे. मुख्य रस्त्याचे चित्र लहान केले आणि दुय्यम रस्त्याचे मोठे केले तर दोघे सारखे होतात. सर्व कात्रणे एकाच फोटोतून, एकाच मापाने घ्यावी लागतात. टंकयंत्रावरच्या किंवा मोबाइलवरच्या तयार चिन्हांनी खूण बदलणेही टाळावे. देवळाचे मोबाइलवरचे चित्र ओळखायला सोपे असले तरी नकाशावरच्या खुणेशी त्याचे रूप जुळत नाही आणि शोधणाऱ्याला ते तेथे सापडत नाही.

कात्रणाशेजारी चार-पाच शब्दांत वर्णन लिहिलेले असावे आणि त्यात रंग असावा. यादीची पुढे झेरॉक्स निघाली तरी ‘लाल ठिपक्यांची रेघ’ हे शब्द टिकून राहतात. वर्णन दिसते तेवढेच असावे. ‘छोटी पायवाट’ असे डाव्या रकान्यात लिहिले तर ते वर्णन राहत नाही, अर्थ होतो. आणि अर्थाची जागा उजवीकडे आहे.

अक्षरांच्या खुणांना वर्णनाची गरज नसते, पण त्या अचूक उतरवाव्या लागतात. PO आणि PTO यांत एका अक्षराचा फरक आहे. पहिले टपाल कार्यालय आणि दुसरे टपाल व तार एकत्र असलेले कार्यालय. RF राखीव वन आणि PF संरक्षित वन. धूसर फोटोत R आणि P यांचा घोळ सहज होतो आणि वनजमिनीच्या बाबतीत हा घोळ साधा नाही, कारण दोन्ही प्रकारच्या वनांना लागू होणारे कायद्याचे नियम वेगळे आहेत. सीमारेषांतही अशीच काळजी लागते. राज्य, जिल्हा, तालुका आणि वन यांच्या सीमा रेघा आणि टिंबांच्या वेगवेगळ्या गुंफणीने दाखवलेल्या असतात. अशा खुणेचे ‘तुटक रेघ’ हे वर्णन अपुरे आहे. एका रेघेनंतर किती टिंबे आणि मग पुन्हा रेघ, असा एक पूर्ण फेरा मोजून लिहावा लागतो.

नमुना आणि खूण

सूचीतल्या काही चित्रांत अंक किंवा नावे असतात. त्यांचा अर्थ लावताना अनेकांची गफलत होते. उंचीच्या ओळीत त्रिकोण आणि त्याच्या शेजारी २०० असा अंक छापलेला असतो. त्रिकोण ही त्रिकोणीकरणाच्या स्थानकाची खूण आहे, म्हणजे सर्वेक्षकांनी कोन मोजून पक्के केलेले ठिकाण. २०० हा नुसता नमुन्याचा अंक आहे. प्रत्यक्ष नकाशावर त्या जागी त्या ठिकाणाची उंची मीटरमध्ये असते. तलचिन्हाच्या ओळीत BM आणि शेजारी ६३.३ असा अंक दिसतो, तोही नमुनाच. यादीत ‘△२०० म्हणजे त्रिकोणीकरण स्थानक’ असे लिहिले तर वाचक नकाशात २०० शोधत बसेल. तेथे ‘त्रिकोण, शेजारी अंक’ असे लिहायला हवे.

नावांच्या ओळीत ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. अक्षरांत अंतर ठेवून छापलेल्या नावांसाठी एक ओळ आहे: एक प्रकार प्रशासकीय विभागाच्या नावाचा, दुसरा स्थानिक प्रदेशाच्या किंवा जमातीच्या नावाचा. उदाहरणादाखल तेथे KIKRI आणि NAGA हे दोन शब्द वेगवेगळ्या वळणाने छापलेले असतात. या दोन शब्दांत खूण कोणती? शब्द नव्हे. त्या शब्दांचा टाइप आणि अक्षरांमधले अंतर हीच खूण. पुणे जिल्ह्याच्या पत्रकावर यांपैकी कोणतेच नाव नसेल, पण त्या वळणाने छापलेली दुसरी नावे असू शकतात. म्हणून डाव्या रकान्यात त्या अक्षरांचे कात्रण आणि ‘या वळणाची, अंतर ठेवलेली अक्षरे’ असे वर्णन, एवढेच योग्य.

बंगल्यांच्या ओळीत कंसातले शब्द येतात. DB म्हणजे डाकबंगला, IB म्हणजे निरीक्षण बंगला आणि RH म्हणजे विश्रामगृह. IB च्या पुढे कंसात कालवा आणि RH च्या पुढे कंसात वन असा इंग्रजी शब्द दिलेला असतो. तो ज्या खात्याच्या ताब्यात ती इमारत आहे त्याचे नाव सांगतो. येथेही कंसातला शब्द नमुन्याचा आहे आणि नकाशावर तो ठिकाणाप्रमाणे बदलू शकतो. यादीत ‘कंसात खात्याचे नाव’ अशी नोंद पुरते.

मराठी शब्द

मूळ सूची इंग्रजीत असल्याने मराठी यादीत अर्थ लिहिणे हे भाषांतराचेही काम असते. शाळेच्या भूगोलामुळे यातले बरेच शब्द मराठी वाचकाला ठाऊक आहेत: समोच्च रेषा, तलचिन्ह, राखीव वन. काही शब्द मात्र फसवे आहेत. छत्री हा शब्द इंग्रजी सूचीत जसाच्या तसा आहे आणि मराठी वाचकाला तो ओळखीचा वाटतो. येथे तो राजेरजवाड्यांच्या किंवा सरदारांच्या स्मरणार्थ बांधलेल्या वास्तूसाठी आहे. पुण्यात वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री आहे, त्या अर्थाची छत्री. म्हणून यादीत ‘छत्री (स्मारक)’ असे लिहिले की शंका राहत नाही.

पक्का आणि कच्चा रस्ता हे शब्द बोलीत आहेतच. ‘पक्का’ म्हणजे खडी घालून केलेला. जुन्या सूचीतला हा शब्द डांबर आहे की नाही, याबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून ‘डांबरी रस्ता’ असे भाषांतर करणे चूक ठरते. तार कार्यालयाचाही विचार करावा लागतो. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. TO आणि PTO या खुणा असलेला नकाशा त्याआधीची स्थिती दाखवतो. आज तार नाही म्हणून यादीतून ही नोंद गाळता येत नाही आणि तिचा अर्थ ‘टपाल कार्यालय’ असा बदलताही येत नाही. यादी नकाशाच्या काळाची असते.

वाटांच्या, उंचीच्या आणि अक्षरांच्या ओळींतून तयार झालेल्या स्वच्छ यादीचा एक भाग असा दिसेल. खऱ्या यादीत डाव्या रकान्यात वर्णनाबरोबर कात्रणेही असतील.

| खूण | अर्थ |
|---|---|
| लाल तुटक रेघ | गाडीवाट |
| लाल ठिपक्यांची रेघ | पायवाट |
| त्रिकोण, शेजारी अंक | त्रिकोणीकरण स्थानक. अंक म्हणजे उंची मीटरमध्ये |
| BM, शेजारी अंक | तलचिन्ह. अंक म्हणजे उंची मीटरमध्ये |
| PO | टपाल कार्यालय |
| TO | तार कार्यालय |
| PTO | टपाल व तार एकत्र कार्यालय |
| PS | पोलीस ठाणे |
| DB | डाकबंगला |
| IB, पुढे कंसात शब्द | निरीक्षण बंगला. कंसात खात्याचे नाव |
| RH, पुढे कंसात शब्द | विश्रामगृह. कंसात खात्याचे नाव |
| RF | राखीव वन |
| PF | संरक्षित वन |

न लागलेले आणि नसलेले

एखादी खूण घडीखाली गेली, शाईच्या डागात अडकली किंवा फोटोत धूसर आली तर तिची ओळ गाळायची नाही. ती गाळली की मोजणी बिघडते आणि पुढचा तपासणारा चुकीच्या जागी चूक शोधतो. त्या जागी ‘[अस्पष्ट]’ असे लिहून जे दिसते तेवढे वर्णन द्यावे. शब्द लागतो पण चित्र लागत नाही, किंवा चित्र दिसते पण शब्द पुसला आहे, हेही त्यात सांगावे. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या पत्रकावरून ती जागा भरता येते, मात्र तशी भरली असेल तर त्या पत्रकाचा क्रमांक नोंदीशेजारी हवा.

याउलट, नकाशावर दिसणाऱ्या काही गोष्टी सूचीत नसतात. बांधाच्या किंवा तलावाच्या काठाशेजारी ‘६r’ असा अंक दिसतो. r चा अर्थ सापेक्ष उंची, म्हणजे आजूबाजूच्या जमिनीपासूनची उंची किंवा खोली, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. ही माहिती उपयोगाची असली तरी तिची जागा यादीच्या खाली, वेगळ्या तुकड्यात आणि ‘छापील सूचीत नाही’ अशा शीर्षकाखाली असते. नकाशातले रंग सूचीत स्वतंत्रपणे दिलेले नसतील तर तेही याच तुकड्यात येतात. मुख्य यादीत छापलेले आहे तेवढेच राहिले की ती मूळ कागदाशी ओळीने ओळ ताडून पाहता येते.

ताळा

यादी पूर्ण झाल्यावर तिची तपासणी तीन वेगवेगळ्या बाजूंनी होते. पहिली मोजणी. संपूर्ण सूचीतली चित्रे मोजायची, ‘सह’मुळे फुटलेल्या खुणा त्यात मिळवायच्या आणि येणारा आकडा यादीतल्या ओळींशी जुळवायचा. एकाचाही फरक आला तर तो बहुधा एखाद्या कुटुंबनावाला किंवा ‘सह’ला सापडलेला असतो.

दुसरी तपासणी उलट्या दिशेने. यादीतला उजवा रकाना झाकून दुसऱ्या माणसाने डावीकडची खूण छापील सूचीत शोधायची आणि तेथला अर्थ मोठ्याने वाचायचा. पहिल्याने तो यादीशी ताडायचा. जोड्या एका घराने सरकल्या असतील तर त्या येथे लगेच उघड्या पडतात, कारण एक नव्हे तर ओळीने दोन-तीन अर्थ चुकतात.

तिसरी तपासणी नकाशावरच होते आणि ती सर्वांत खात्रीची. ओळखीच्या जागी जाऊन यादी खरे सांगते का, ते पाहायचे. पुण्याचा उत्तर भाग 47 F/14 या पत्रकावर येतो. त्याच पत्रकावर इंद्रायणीकाठची देहू आणि आळंदी आहेत. देवळाची म्हणून लिहिलेली खूण तेथे सापडली पाहिजे. खडकीहून पिंपरी-चिंचवडकडे जाणारा लोहमार्ग रुंदमापी आहे. त्याची रेघ यादीत मीटरमापी किंवा अन्य मापाच्या मार्गासमोर निघाली तर रेल्वेच्या दोन ओळींची अदलाबदल झाली आहे. दोन्ही ओळी एकाखाली एक असल्याने ही चूक सहज घडते. इंद्रायणीच्या पात्राशेजारच्या खुणा नदीच्या ओळीशी जुळल्या पाहिजेत. समुद्राशी संबंधित खुणा, म्हणजे दीपगृह, तरंगती बोयरी, नांगरण्याची जागा, या पत्रकावर सापडणारच नाहीत. त्यांची तपासणी किनाऱ्यावरच्या पत्रकावरच करता येते, आणि म्हणून त्या नोंदी फक्त छापील सूचीशीच ताडलेल्या आहेत, हे यादीत नमूद करायला हवे.

शेवटी यादीच्या माथ्यावर पत्रकाचा क्रमांक, आवृत्ती, सर्वेक्षणाचे वर्ष आणि फोटो काढल्याची तारीख येते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाने सर्वांसाठी खुली अशी वेगळी नकाशा-मालिका काढली. तिची पत्रके, क्रमांक आणि मांडणी जुन्या मालिकेहून वेगळी आहे. एका मालिकेची यादी दुसरीच्या नकाशाला लावली तर दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर असूनही अर्थ चुकतो. माथ्यावरच्या त्या एका ओळीने ही यादी नेमक्या कोणत्या कागदाची आहे ते ठरते.